लॉनवरचे लग्न आणि तीस वर्षांचा पाऊस

लग्न लॉनवर करायचे ठरले की पंचांगातल्या मुहूर्तांची यादी आणि लॉनच्या मोकळ्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या जातात. त्यांच्या जोडीला तिसरा कागद हवा तो त्या गावच्या मासिक सरासरी पावसाचा आणि तापमानाचा. भारतीय हवामान विभाग ही सरासरी तीस वर्षांच्या नोंदींवरून काढतो. सध्या १९९१ ते २०२० हा काळ धरला जातो. वर्षावर्षाचे चढउतार तीस वर्षांत बरेचसे मिटतात आणि त्या जागेचा स्वभाव उरतो. हा तक्ता मिळवणे सोपे आहे, तो नीट वाचणे मात्र शिकावे लागते.

पुणे शहराचे उदाहरण घेऊ. मे महिन्यात इथे सरासरी तीसेक मिलिमीटर पाऊस पडतो. जुलैच्या मानाने तो काहीच नाही, म्हणून मे महिना कोरडा समजला जातो. पण हे तीस मिलिमीटर रोज एकेक मिलिमीटर असे पडत नाहीत. वळवाची एखादी सर तासाभरात त्यातला मोठा वाटा ओतून जाते आणि बाकीचा महिना ऊन तापते. कार्याच्या दृष्टीने महिन्याला किती मिलिमीटर पडले, याला फारसा अर्थ नाही. किती दिवस पडले, हे महत्त्वाचे. त्यासाठी तक्त्यात पावसाळी दिवसांचा वेगळा रकाना असतो. ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस नोंदला जातो, तो पावसाळी दिवस. पुण्यात मे महिन्यात असे सुमारे दोन दिवस येतात. एकतीस दिवसांत दोन, म्हणजे कोणतीही एक तारीख धरली तर साधारण पंधरात एक वेळा पाऊस. शिवाय अडीच मिलिमीटरहून कमी सर या रकान्यात येतच नाही. गाद्या, सजावट आणि शालू भिजायला तेवढी सरही पुरते, म्हणून खरा धोका आकड्यापेक्षा थोडा जास्तच धरावा.

दुसरी अडचण अशी की, सरासरी सगळ्या महिन्याला एकच रंग देते. हे सगळ्यात ठळक दिसते ते ऑक्टोबरात. पुण्यात या महिन्यात पाचेक पावसाळी दिवस असतात, म्हणजे हिशेबाने सहात एक दिवस. पण मोसमी वारे या भागातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतात. त्याआधीचे दिवस पावसाळ्याचे शेपूट असतात, तर महिनाअखेरीस आकाश बहुधा निवळलेले असते. मे महिन्यात उलटे घडते. पूर्वार्ध त्यातल्या त्यात सुरक्षित, आणि जून जवळ येईल तसा धोका वाढत जातो. मुंबईत मोसमी पावसाची सरासरी तारीख ११ जून असली, तरी २०२५ साली तो २६ मे रोजीच येऊन ठेपला. मेच्या शेवटच्या आठवड्यातला मुहूर्त उघड्यावर धरू नये, तो बंदिस्त कार्यालयातच बरा.

महिन्याची ही ढोबळ सरासरी टाळायची असेल, तर रोजच्या नोंदी घेऊन तारखेभोवतीची खिडकी मोजावी. समजा मुहूर्त १२ मे रोजी आहे. मग ७ ते १७ मे हे अकरा दिवस धरायचे. तीस वर्षांचे मिळून ३३० दिवस होतात. त्यांपैकी किती दिवशी अडीच मिलिमीटर किंवा जास्त पाऊस पडला, ते मोजायचे. समजा असे २२ दिवस निघाले, तर धोका पंधरात एक. फक्त १२ मे हीच तारीख तीस वर्षांत तपासली तर हाती तीसच दिवस येतात आणि योगायोगाने एखादा आकडा फुगतो किंवा शून्यावर येतो. खिडकी घेतल्याने हा दोष बराच कमी होतो.

तिसरी गोष्ट कोणत्याच मासिक तक्त्यात नसते. ती म्हणजे वेळ. वळवाचा पाऊस दिवसभराच्या तापीतून तयार होतो. सकाळी आभाळ स्वच्छ असते, दुपारी ढग उभे चढू लागतात आणि चार वाजल्यानंतर वारा सुटतो. म्हणून मे महिन्यातला गोरज मुहूर्त नेमका धोक्याच्या वेळी येतो. सरीच्या आधी वावटळ येते. आंतरपाट धरणाऱ्यांच्या हातून सुटू पाहतो, आचाऱ्याच्या शेगडीची ज्योत आडवी होते, कनाती फुगतात. मांडवाला खरा घात या वाऱ्याचा असतो, आणि त्याचा अंदाज पावसाच्या सरासरीतून येत नाही. सकाळचा मुहूर्त धरला तर वळीव टळतो, पण मग दुपारच्या उन्हाशी गाठ पडते.

इथे तापमानाचा रकाना पाहायचा. महिन्याचे सरासरी तापमान हा कार्यासाठी निरुपयोगी आकडा आहे, कारण त्यात पहाटेचा गारवा आणि दुपारचा ताप एकत्र मिसळलेले असतात. सरासरी कमाल आणि किमान वेगळे पाहावेत. पुण्यात मे महिन्यातले कमाल ३७ अंशांच्या आसपास, तर फेब्रुवारीत कमाल ३२ आणि किमान तेराच्या जवळपास असते. कमाल तापमान दुपारी दोन-तीनच्या सुमारास येते, किमान पहाटे. रात्री नऊच्या स्वागत समारंभाला या दोहोंच्या मधले तापमान असते. हेही लक्षात ठेवावे की वेधशाळेचा तापमापक पांढऱ्या जाळीदार पेटीत, सावलीत, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंचीवर असतो. पत्र्याच्या शेडखाली किंवा कापडी छताखाली माणसांची गर्दी असेल, तर पंगतीत बसणाऱ्याला त्याहून बरेच जास्त जाणवते.

आकडा कुठला आहे, हेही पाहायला हवे. सिमला ऑफिसच्या भागात घेतलेली नोंद शहराला लागू पडते. पुण्यात वर्षाला साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर साठेक किलोमीटरवरच्या लोणावळ्यात त्याच्या कित्येक पट. मुळशीच्या बाजूच्या रिसॉर्टसाठी शहराचा तक्ता वापरणे चूकच आहे. तिथल्या जवळच्या केंद्राची नोंद शोधावी.

हे सगळे एकत्र ठेवले की पुण्यातली निवड बरीच सोपी होते. तुळशीचे लग्न लागल्यावर मुहूर्त सुरू होतात, पण नोव्हेंबरात सुमारे दीड पावसाळी दिवस असतो आणि अरबी समुद्रातल्या वादळांचा काळही तोच. २००९ सालचे फयान वादळ ११ नोव्हेंबरला कोकण किनाऱ्यावर आले होते. डिसेंबरात पाऊस आणखी कमी, पण रात्री गारठा. मार्चपासून ऊन वाढते. फेब्रुवारीचा पूर्वार्ध पाऊस, वारा, ऊन आणि थंडी या चारही बाजूंनी सर्वांत बरा.

तरीही सरासरी म्हणजे हमी नव्हे. पुण्यातला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव डिसेंबरात उघड्या मैदानातल्या मंडपात होतो, आणि डिसेंबर हा पुण्यातल्या कोरड्या महिन्यांपैकी एक आहे. तारीख उत्तमच निवडलेली आहे. २०१४ साली मात्र अवकाळी पावसाने मैदान भिजले आणि महोत्सव जानेवारी २०१५ मध्ये घ्यावा लागला. म्हणून लॉनचा करार करताना त्याच आवारातला बंदिस्त हॉल त्या दिवसासाठी राखून ठेवता येईल का, हे विचारून घ्यावे आणि तसे करारात लिहून घ्यावे.