चार लाखांची वाटणी

समजा, शेतीच्या अवजारांचं एक दुकान आहे आणि त्यात दोन भागीदार. थोरल्याने ८ लाख घातले, पण दुकानात तो फिरकतो महिन्यातून एकदा. धाकट्याचे २ लाखच. मात्र शटर उघडण्यापासून गल्ला मोजण्यापर्यंत सगळं त्याच्याच अंगावर. वर्षअखेर निव्वळ नफा ४ लाख.

वाटणीबद्दल काहीच ठरलेलं नसेल, तर १९३२च्या भागीदारी कायद्याचं कलम १३ लागू होतं: दोघांना दोन-दोन लाख. भांडवलावर व्याज नाही, राबणाऱ्याला पगार नाही. म्हणजे एकाच वेळी दोघेही नाराज!

म्हणून करारनाम्यात तीन गोष्टी लिहिल्या जातात. इथे भांडवलावर १० टक्के व्याज, धाकट्याला महिना १५,००० पगार आणि उचलीवर १२ टक्के व्याज ठरलं. उरलेला नफा निम्मा-निम्मा. हा सगळा हिशेब नफा-तोटा विनियोग खात्यात होतो.

घोटाळा होतो तो उचलीच्या व्याजात. धाकटा दर महिन्याच्या शेवटी १०,००० उचलतो, वर्षाचे १,२०,०००. त्यावर सरसकट १२ टक्के लावले की १४,४०० होतात, आणि ते चूक. एप्रिलअखेरची उचल मार्चपर्यंत ११ महिने बाहेर राहते, मार्चअखेरची एक दिवसही नाही. सरासरी साडेपाच महिने, म्हणून व्याज ६,६००. हेच पैसे महिन्याच्या पहिल्या तारखेला उचलले असते तर साडेसहा महिने धरावे लागले असते. थोरल्याने १ ऑक्टोबरला एकदाच ६०,००० नेले. सहा महिन्यांचे ३,६००.

आता ४ लाखांत हे १०,२०० मिळवायचे. त्यातून भांडवलावरचं व्याज १ लाख (थोरल्याला ८०,०००, धाकट्याला २०,०००) आणि पगाराचे १,८०,००० वजा केले की उरतात १,३०,२००. प्रत्येकाला ६५,१००. आपापल्या उचलीचं व्याज कापून थोरल्याच्या पदरी १,४१,५०० आणि धाकट्याच्या २,५८,५००. दोन्हींची बेरीज नेमकी ४ लाख यायला हवी. नाही आली तर कुठेतरी नोंद चुकली. उचलीचं व्याज बाहेरून येत नाही, ते एकाच्या खिशातून दोघांत फिरतं, इतकंच.

नफा कमी पडला तर? व्याज आणि पगार मिळून २,८०,००० द्यायचे आहेत आणि वाटायला जेमतेम १,४०,००० आहेत, असं धरू. करारात वेगळं काही नसेल तर दोन्ही रकमा निम्म्यावर येतात: व्याज ५०,०००, पगार ९०,०००. तोटाच झाला तर भांडवलावर व्याज मिळत नाही.

थोरल्याने अडचणीच्या वेळी भांडवलाखेरीज १ लाख उसने दिले असतील, तर त्यांची गोष्ट निराळी. ते कर्ज. दर ठरलेला नसला तरी कायद्याने ६ टक्के, वर्षाला ६,०००. हे व्याज निव्वळ नफा काढण्याआधीच नफा-तोटा खात्यात खर्ची पडतं, दुकान तोट्यात असलं तरीही.