लोणचे बाजारात आणावे का?

निर्णयवृक्ष डावीकडून उजवीकडे काढतात, पण सोडवतात उजवीकडून डावीकडे. त्यात चौकोन म्हणजे निर्णय, वर्तुळ म्हणजे अनिश्चितता. समजा, एका मसाला उद्योगाला नवे लोणचे आणायचे आहे. ते चालण्याची संभाव्यता ०.४ आणि नफा ५० लाख रुपये. न चालल्यास तोटा २० लाख. वर्तुळाचे अपेक्षित मौद्रिक मूल्य:

०.४ × ५० − ०.६ × २० = ८ लाख

लोणचे न आणण्याचे मूल्य शून्य, म्हणून ती फांदी छाटायची. मात्र हे ८ लाख प्रत्यक्षात कधीच हाती पडत नाहीत. ती केवळ सरासरी आहे. खरी मेख ०.४ या अंदाजात आहे. तो सुमारे ०.२९ च्या खाली घसरला, की निर्णय उलटतो. आणि २० लाखांचा फटका ज्याला पेलवणार नाही, त्या उद्योगाने या सरासरीवर विसंबू नये.