बँकेत आली तेवढीच विक्री नव्हे

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. आता ती मंगळवार पेठेतल्या दुकानाइतकीच मोबाइलच्या पडद्यावरही विकली जाते. अशा एका विक्रेत्याचा २०२५ च्या ऑक्टोबरचा, म्हणजे ऐन दिवाळीचा हिशेब पाहू. उदाहरण कल्पित आहे आणि आकडे समजायला सोपे जावेत असे निवडले आहेत, पण त्याची घडण अगदी रोजच्या व्यवहारातली आहे. महिनाभरात बँकेत प्लॅटफॉर्मकडून ३,१५,७५८ रुपये जमा झाले. हिशेबनिसाने खातेवहीत तेवढीच विक्री लिहिली आणि महिना मिटवला. प्रत्यक्षात त्या महिन्याची विक्री, जीएसटी वगळून, ५,१०,००० रुपये होती.

यात कुणी काही लपवले नव्हते. दुकानात गिऱ्हाइकाने दिलेले पैसे थेट गल्ल्यात पडतात. ऑनलाइन बाजारात ते आधी प्लॅटफॉर्मकडे जातात. तिथे त्यातून खर्च वळता होतो, परतावे वजा होतात, सरकारचा कर कापला जातो, काही रक्कम पुढच्या हप्त्यासाठी राखून ठेवली जाते आणि उरलेले पैसे एका एनईएफटीने विक्रेत्याच्या खात्यात येतात. बँकेच्या पासबुकात त्या साऱ्या व्यवहारांची मिळून एकच ओळ दिसते. ती ओळ पुन्हा उलगडणे हे ऑडिटरचे काम.

उलगडा चादरींच्या संख्येपासून सुरू होतो. विक्रेत्याने ऑक्टोबरात १,००० चादरी पाठवल्या. किंमत ६०० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे गिऱ्हाइकाला ६३० रुपये. त्यांपैकी ९० पाकिटे गिऱ्हाइकापर्यंत पोचलीच नाहीत. दार बंद होते, पत्ता चुकला होता किंवा कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे द्यायला गिऱ्हाइकाने नकार दिला. या धंद्यात त्याला आरटीओ म्हणतात. आणखी ६० चादरी गिऱ्हाइकांनी घेतल्या आणि नंतर परत केल्या. उरल्या ८५०. त्यांचे ५,१०,००० रुपये आणि वर २५,५०० रुपये जीएसटी, असे एकूण ५,३५,५०० रुपये गिऱ्हाइकांनी खरोखर मोजले.

आता वजावट. कमिशन जीएसटीसह किमतीच्या १० टक्के धरले तर ५३,५५० रुपये होतात. प्रत्येक विक्रीमागे २० रुपयांचे ठरावीक शुल्क, त्याचे १७,०००. जाण्यायेण्याचा वाहतूक खर्च ६९,३५०. जाहिरातीचे २०,०००. हे सारे १,५९,९०० झाले. या सेवांवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो २८,७८२. शिवाय दोन सरकारी कपाती होतात. जीएसटी कायद्याच्या कलम ५२ खाली प्लॅटफॉर्म परतावे वजा जाता उरलेल्या विक्रीवर ०.५ टक्का टीसीएस कापतो. आधी हा दर १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून तो निम्मा झाला. प्राप्तिकराच्या कलम १९४-ओ खालचा टीडीएसही १ टक्का होता, तो १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. आपल्या उदाहरणात या कपाती २,५५० आणि ५१० रुपये. सगळे वजा करून ऑक्टोबरच्या विक्रीपोटी ३,४३,७५८ रुपये येणे होते.

बँकेत मात्र ३,१५,७५८ आले. उरलेल्या २८,००० चे उत्तर तारखांत आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आलेले १,१२,००० रुपये सप्टेंबरच्या विक्रीचे होते, आणि महिनाअखेरच्या विक्रीचे १,४०,००० प्लॅटफॉर्मने नोव्हेंबरात दिले. एक रक्कम मिळवा, दुसरी वजा करा, की पासबुकातला आकडा पैशापैशाने जुळतो.

इतका हिशेब उलगडून लिहिण्याचा फायदा विक्रेत्याच्याच खिशात जातो. बँकेत आली तेवढीच विक्री लिहिली, तर कमिशन आणि वाहतुकीवर भरलेला २८,७८२ रुपयांचा जीएसटी खात्यात कुठे दिसतच नाही. तो तर इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून मिळण्यासारखा आहे, आणि या महिन्यात तो विक्रीवर भरायच्या २५,५०० पेक्षाही जास्त आहे. मात्र त्यासाठी प्लॅटफॉर्मची कमिशनची बिले विक्रेत्याच्या जीएसटी क्रमांकावर निघालेली असली पाहिजेत आणि GSTR-2B मध्ये दिसली पाहिजेत. टीसीएसचेही तसेच. प्लॅटफॉर्म GSTR-8 भरतो, पण विक्रेत्याने पोर्टलवर ती रक्कम स्वीकारल्याशिवाय ती त्याच्या रोख खातेवहीत जमा होत नाही. कित्येक छोटे व्यापारी ती तशीच पडू देतात, हे पाहून वाईट वाटते.

दुसरी बाजू कराच्या नोटिशीची. प्लॅटफॉर्मने टीडीएस भरला की वार्षिक माहितीपत्रकात विक्रीचा पूर्ण आकडा येतो, वजावटीनंतरचा येत नाही. उलाढालीच्या ६ टक्के नफा दाखवणारा विक्रेता ते ६ टक्के बँकेतल्या रकमेवर काढत असेल, तर सरकारकडे ५,१०,००० आणि विवरणपत्रात ३,१५,७५८ अशी तफावत महिन्यामागून महिना साचत जाते.

ऑडिटर कुठून सुरुवात करतो, यावर बरेच अवलंबून असते. पासबुकातल्या जमा ओळी घेऊन त्यांचे सेटलमेंट शोधणे सोपे वाटते, पण त्यात एक भोक राहते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात परताव्यांचा लोंढा आला, की एखाद्या सेटलमेंटची बेरीज शून्याखाली जाते. प्लॅटफॉर्म त्या वेळी पैसे पाठवत नाही, तूट पुढच्या हप्त्यात ओढतो. पासबुकात त्याची खूणही उमटत नाही. पासबुकावरून चालणाऱ्याला तो तोट्याचा हप्ता कधीच दिसणार नाही. म्हणून जाणकार ऑडिटर सेटलमेंटच्या क्रमांकांवरून चालतो. पहिल्या सेटलमेंटची अखेरची शिल्लक दुसऱ्याची आरंभीची शिल्लक झाली का, दुसऱ्याची तिसऱ्यात उतरली का, अशी साखळी तपासतो आणि मगच प्रत्येक जमा रकमेचा यूटीआर क्रमांक बँकेशी लावतो.

अहवाल कोणी उतरवून घेतला, हेही महत्त्वाचे. विक्रेत्याने ईमेलने पाठवलेली एक्सेल फाइल कुणीही बदललेली असू शकते. तेव्हा विक्रेत्याच्या शेजारी बसून, त्याच्या लॉगिनने अहवाल उतरवावा आणि तारीख-वेळ नोंदवावी. तोच महिना पंधरा दिवसांनी पुन्हा उतरवला तर मधल्या परताव्यांमुळे आकडे बदललेले सापडतात. शिवाय नुसत्या आकड्यांचा लांबलचक क्रमांक एक्सेलमध्ये संख्या म्हणून उघडला, तर पहिले १५ अंकच टिकतात आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्ये येतात. ऑर्डर क्रमांकच बिघडला तर जुळवणी कशाशी करणार? तो स्तंभ मजकूर म्हणूनच उघडावा.

पण सारे जुळले तरी काम अर्धेच झाले. अहवालाची बेरीज आणि बँकेची रक्कम एक आहे, याचा अर्थ प्लॅटफॉर्मने जे मोजले तेच पाठवले, एवढाच. जे मोजले ते बरोबर होते का, हे त्यातून कळत नाही, कारण दोन्ही आकडे एकाच हिशेबातून आलेले असतात. खरी पडताळणी प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या पुराव्याने होते. तो पुरावा म्हणजे मान्य झालेला दरपत्रक, कुरिअरच्या माणसाने सही केलेली पाठवणीची यादी आणि गोदामातली प्रत्यक्ष मोजदाद.

वाहतुकीचा आकडा घ्या. पोचलेल्या ९१० चादरींना दरपत्रकाप्रमाणे प्रत्येकी ६५ रुपये आणि परत आलेल्या ६० चादरींना येण्याचे प्रत्येकी ९० रुपये धरले, तर ६४,५५० होतात. अहवालात होते ६९,३५०. फरक ४,८०० चा. ऑर्डरनिहाय पाहिल्यावर कळले, की १२० पाकिटांना ६५ ऐवजी १०५ रुपये लागले आहेत. कुरिअर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांतले जे जास्त असेल ते धरते. आकारमानाचे वजन काढायला लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागण्याची रीत सर्रास आहे. चादरीचे पाकीट ३५ गुणिले २८ गुणिले ६ सेंटिमीटरचे, म्हणजे १.१८ किलो. पाकीट फुगलेले असताना यंत्राने उंची १२ मोजली, तर तीच चादर २.३५ किलोंची होते आणि वरच्या दरात जाते. जीएसटीसह ही जादा आकारणी ५,६६४ रुपयांची. बँक आणि अहवाल चोख जुळत असताना ती आत बसलेली होती.

परताव्यात याहून जास्त गळती होते. अहवालानुसार आरटीओ आणि गिऱ्हाइकांचे परतावे मिळून १५० चादरी परत यायला हव्यात. गोदामाच्या नोंदवहीत १४१ आल्या. नऊ चादरींचे पैसे गिऱ्हाइकाला परत गेले किंवा विक्रेत्याला मिळालेच नाहीत, आणि मालही हाती नाही. आलेल्यांतही काही पाकिटांत जुनी, वापरलेली चादर निघते. यासाठी प्लॅटफॉर्मकडे दावा करता येतो, पण त्याला थोड्या दिवसांची मुदत असते आणि पाकीट उघडतानाचे चित्रण मागितले जाते. परतावा आला त्याच दिवशी ऑर्डर क्रमांकासह वहीत चढवण्याची सवय नसेल, तर महिनाअखेरीला ऑडिटरला तफावत दिसते आणि दाव्याची मुदत मात्र संपलेली असते.

३१ मार्चला हा प्रश्न आणखी टोकदार होतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात विकलेल्या चादरींपैकी काही एप्रिलमध्ये परत येणारच. बिल मार्चचे, परताव्याची क्रेडिट नोट एप्रिलची. इथे ऑडिटर एप्रिलचे परताव्याचे अहवाल मागवतो, त्यांतले मूळ बिल मार्चचे असलेले ऑर्डर क्रमांक वेगळे काढतो आणि तेवढ्या रकमेची तरतूद मार्चच्या विक्रीतून वजा करायला सांगतो. वाटेत असलेला माल मात्र साठ्यात धरायला विसरू नये, कारण विक्री कमी केली आणि माल मोजला नाही, तर नफा दोनदा घटतो. अहवाल तयार नसतील तर आधीच्या महिन्यांचे परताव्याचे प्रमाण लावावे लागते. ते प्रमाण सणासुदीच्या महिन्यावरून घेतले तर फसवे निघते, म्हणून गेल्या वर्षीच्या मार्चकडेही पाहावे लागते.