टोचन कुठपर्यंत?

राष्ट्रीय महामार्ग ४४ यवतमाळ जिल्ह्यात वडकी, करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी असा दक्षिणेला जातो आणि पैनगंगा ओलांडून तेलंगणात शिरतो. समजा, पांढरकवड्याजवळ एका कुटुंबाची ऑटोमॅटिक गिअरची कार बंद पडली. गाडी यवतमाळच्या वर्कशॉपमध्ये न्यायची आहे. अंतर सुमारे ७० किलोमीटर.

'गाडीचा विमा आहे ना!' हा पहिला दिलासा इथे फसवा ठरतो. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत टोचनचा खर्च मिळतो तो अपघातानंतर, तोही मूळ तरतुदीनुसार १,५०० रुपयांपर्यंत. यांत्रिक किंवा विजेचा बिघाड त्यात बसत नाही. त्यासाठी 'रोडसाइड असिस्टन्स' हे जोड-कवच वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते किंवा गाडीच्या कंपनीची तशी योजना चालू असावी लागते. बॅटरीला जम्प स्टार्ट देणे, गाडीतले स्टेपनी चाक बसवणे, थोडे इंधन पोहोचवणे, जागेवर होणारी किरकोळ दुरुस्ती आणि टोचन एवढे त्यात साधारणपणे असते. सुट्या भागांचे पैसे मालकानेच द्यायचे.

खरी मेख अंतरात आहे. मर्यादा ५० किलोमीटर असेल, तर वरच्या २० किलोमीटरचे भाडे खिशातून जाते. काही योजनांत मात्र टोचन गाडीचे जाणे-येणे दोन्ही मोजतात. मग यवतमाळहून निघालेल्या गाडीचे १४० किलोमीटर भरतात आणि जादा भाडे ९० किलोमीटरचे होते. शिवाय 'सर्वांत जवळचे अधिकृत वर्कशॉप' अशी अट असेल, तर आवडीच्या नागपूरच्या वर्कशॉपचा हट्ट चालत नाही.

गाडी कशी न्यायची, हेही आधीच सांगावे लागते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप बहुधा इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून इंजिनाला जोडलेली चाके रस्त्यावर फिरवत नेली, तर आतले भाग कोरडेच घासतात. इलेक्ट्रिक कारमध्ये चाकांबरोबर फिरणारी मोटर वीज तयार करू लागते. अशा गाड्यांसाठी चारही चाके वर घेणारा फ्लॅटबेड मागवावा. दोरीने ओढायची वेळ आलीच, तर २०१७ च्या नियमांनुसार वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि दोन गाड्यांतले अंतर ५ मीटरच्या आत हवे.

महामार्गाचा १०३३ हा मदत क्रमांक गाडी मार्गिकेतून हलवून जवळच्या सुरक्षित जागी नेण्यासाठी आहे. यवतमाळपर्यंतची सोय त्यात नाही.

म्हणून कुटुंबाने आधी पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करावा. पॉलिसी व गाडीचा क्रमांक, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, गिअरचा प्रकार सांगावा. अंतर कुठून मोजणार आणि जादा दर काय, हे गाडी निघण्याआधी विचारून तक्रार क्रमांक एसएमएसवर घ्यावा. परस्पर बोलावलेल्या क्रेनचे पैसे बहुतेक योजना परत देत नाहीत. कंपनीला गाडी पाठवता येत नसेल, तर स्वतः व्यवस्था करण्याची परवानगी लेखी घ्यावी. क्रेनच्या बिलावर सुरुवातीचे ठिकाण, शेवटचे ठिकाण आणि किलोमीटर लिहून घ्यावेत. दावा नाकारला गेला तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर हीच कागदपत्रे घेऊन विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क लागत नाही.