निफ्टी पोचला, नफा मागे का राहिला?

एका संध्याकाळी एका मित्राने स्वतःचा फोन माझ्यापुढे धरला. "ॲप गंडलंय का बघ जरा," म्हणाला. आदल्या दिवशी त्याने निफ्टीचा एक सौदा केला होता. सौदा करण्याआधी ॲपमधला पेऑफ चार्ट, म्हणजे नफा-तोट्याचा आलेख, त्याने नीट पाहिला होता. निफ्टी 25,400 ला गेला तर 18,000 रुपये नफा, असं तिथे स्पष्ट दिसत होतं. दुसऱ्याच दिवशी निफ्टी खरोखर 25,400 ला जाऊन बसला आणि खात्यात दिसत होते जेमतेम साडेपाच हजार.

ॲप बरोबर होतं. त्या आलेखावर दोन रेषा असतात आणि त्याने दुसरीच रेषा वाचली होती.

त्याचाच सौदा उलगडून पाहू. हिशेब सोपा जावा म्हणून आकडे थोडे गोल करतो आणि दलाली, कर व व्याज बाजूला ठेवतो. निफ्टी 25,000 वर होता आणि एक्स्पायरीला 28 दिवस होते. त्याने 25,000 स्ट्राइकचा कॉल 331 पॉइंटला घेतला आणि 25,400 चा कॉल 171 पॉइंटला विकला. याला बुल कॉल स्प्रेड म्हणतात. खिशातून गेले 160 पॉइंट. 75 नगांचा लॉट धरला तर 12,000 रुपये. (लॉटचा आकार एक्स्चेंज वेळोवेळी बदलतं, त्यामुळे पुढचे हिशेब पॉइंटमध्येच लक्षात ठेवा.)

आलेखाची आडवी बाजू म्हणजे निफ्टी कुठे असेल आणि उभी बाजू म्हणजे त्या ठिकाणी आपल्याला काय मिळेल किंवा काय जाईल. पहिली रेषा एक्स्पायरीची. ती पट्टीने आखल्यासारखी सरळ तुकड्यांची असते. 25,000 च्या खाली दोन्ही कॉल शून्य, म्हणून 160 पॉइंटचा तोटा, आडवी रेघ. तिथून ती चढत जाते, 25,160 ला शून्य ओलांडते आणि 25,400 ला 240 पॉइंट नफ्यावर पोचते. 240 गुणिले 75 म्हणजे 18,000. त्यापुढे पुन्हा आडवी, कारण विकलेला कॉल वरचा सगळा फायदा खाऊन टाकतो. ही रेषा काढायला शाळेतली वजाबाकी पुरते. तिच्यात अंदाज कुठेच नाही.

दुसरी रेषा आजची. बऱ्याच ॲपमध्ये तिला T+0 म्हणतात. ती वळणदार आणि बरीच चपटी असते. त्या दिवशी तिच्यावर 25,400 च्या जागी नफा होता फक्त 75 पॉइंट.

बाकीचे 165 पॉइंट कुठे अडकले होते, ते बघा. निफ्टी 25,400 वर असताना आपल्याकडचा 25,000 चा कॉल 571 पॉइंटचा झाला होता. त्यातले 400 तर लगेच हिशेबात धरावेत असे आहेत आणि वरचे 171 हे उरलेल्या दिवसांचे. हा भाग आपल्या बाजूचा. पण विकलेला 25,400 चा कॉलही 171 वरून 337 ला गेला होता. एक्स्पायरीच्या रेषेवर याच कॉलची किंमत शून्य धरलेली आहे. आज मात्र सौदा कापायचा तर तो 337 देऊन परत घ्यावा लागतो. 571 वजा 337 म्हणजे सुमारे 235. आपण दिले 160. हातात राहिले 75.

त्या कॉलला 337 कोण देतं आणि का? निफ्टी त्याच्या स्ट्राइकवरच उभा आहे आणि अजून चार आठवडे आहेत. इथून तो वर जाऊ शकतो तसाच खालीही येऊ शकतो, आणि वर गेला तर कॉल घेणाऱ्याचा फायदा अमर्याद, खाली आला तर तोटा फक्त प्रीमियमचा. या शक्यतेलाच बाजार पैसे मोजतो. कोकणात आंब्याची बाग मोहरावर विकली जाते, तेव्हा बागाईतदाराला पेटीचा पूर्ण भाव कोणी देत नाही. मध्ये वारं आहे, अवकाळी आहे, तुडतुडा आहे. आजची रेषा हा मोहरावरचा भाव आहे आणि एक्स्पायरीची रेषा हा पेटी फोडल्यावरचा.

म्हणूनच ही रेषा खालच्या बाजूला आपल्याला सांभाळूनही घेते. दुसऱ्या दिवशी निफ्टी 24,600 ला पडला असता तर एक्स्पायरीच्या रेषेवर 160 पॉइंटचा पूर्ण तोटा दिसतो, पण आजच्या रेषेवर तो साधारण 67 पॉइंटचा असतो. निकाल लागलेला नाही, म्हणून नफाही पूर्ण नाही आणि तोटाही पूर्ण नाही.

माझ्या मित्राने यावर लगेच विचारलं, "मग थांबलो तर रोज थोडे थोडे मिळत जातील ना?" मिळतील, पण समान हप्त्यांनी नाही. समजा निफ्टी 25,400 वरच खिळून राहिला. पहिल्या दिवशी नफा 75. दोन आठवडे थांबलात, तरी तो फक्त 90 होतो. तीन दिवस उरले की सुमारे 140. एक दिवस उरला की 176. आणि अगदी शेवटच्या दिवसात, चोवीस तासांत, राहिलेले 64 येतात. ज्या स्ट्राइकवर बाजार उभा असतो तिथला प्रीमियम उरलेल्या दिवसांच्या वर्गमुळाप्रमाणे घटतो. दिवस निम्मे झाले तर तो निम्मा होत नाही, सुमारे सत्तर टक्के उरतो. चौथ्या भागाइतके दिवस उरतात तेव्हा कुठे तो निम्म्यावर येतो. आलेखाकडे पाहिलं तर आजची रेषा दिवसेंदिवस एक्स्पायरीच्या रेषेकडे सरकताना दिसते, पण कोपऱ्यात, म्हणजे 25,000 आणि 25,400 या दोन वळणांशी, ती सगळ्यात शेवटी जाऊन बसते. आणि लोक आपलं लक्ष्य नेमकं याच कोपऱ्यावर ठेवतात.

त्या दोन आठवड्यांत 15 पॉइंटसाठी काय पणाला लागलेलं असतं, तेही रेषेवर दिसतं. निफ्टी परत 25,000 ला आला तर हातातले 75 तर जातातच, वर आणखी तोटा होतो. मित्राला मी एवढंच म्हटलं की थांबायचं की निघायचं हे तू ठरव, पण 18,000 कडे बघून ठरवू नकोस.

मग एक्स्पायरीआधी आपला हक्क बजावून 400 पॉइंट का मागू नयेत? निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत. हक्क फक्त एक्स्पायरीच्या दिवशीच बजावता येतो. त्याआधी बाहेर पडायचा एकच रस्ता आहे, बाजारात त्या क्षणी मिळेल त्या भावाला सौदा कापणं. तो भाव म्हणजेच आजची रेषा.

आता या रेषेची दुबळी बाजू. एक्स्पायरीची रेषा वजाबाकीची असली, तरी आजची रेषा सूत्रातून येते. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेलं ब्लॅक-शोल्स सूत्र किंवा त्याचंच एखादं भावंड तिच्यामागे असतं. त्या सूत्राला एक गोष्ट पुरवावी लागते: पुढच्या दिवसांत बाजार किती हलेल. ऑप्शनच्या चालू भावावरून उलटा हिशेब करून ती काढतात आणि तिला आयव्ही म्हणतात. वरचे सगळे आकडे मी 12 टक्के आयव्ही धरून काढले आहेत. ती बदलली की निफ्टी जागेवर असूनही आजची रेषा हलते. एक्स्पायरीची रेषा मात्र तसूभरही हलत नाही.

नुसता 25,000 चा कॉल 331 ला घेतला आणि आयव्ही 12 वरून 9 झाली, तर निफ्टी जागचा न हलता त्याचे सुमारे 83 पॉइंट जातात. मित्राच्या स्प्रेडमध्ये मात्र एक कॉल घेतलेला आणि एक विकलेला असल्याने तेवढ्याच घसरणीत 11 च पॉइंट गेले असते. मोठ्या घटनेच्या तोंडावर हे फार महागात पडतं. 4 जून 2024 ला लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास 6 टक्के पडला. दुसऱ्या दिवशी तो 3 टक्क्यांहून जास्त वर आला आणि आयव्हीचा मापक असलेला इंडिया विक्स 26 च्या वरून 19 च्या आसपास कोसळला. निकालाच्या संध्याकाळच्या आयव्हीवर काढलेली T+0 रेषा दुसऱ्या दिवशी कॉलवाल्याला जे दाखवत होती, त्यापेक्षा त्याच्या हातात कमी आलं, दिशा बरोबर असूनही.

रेषेवर विश्वास ठेवण्याआधी एक साधी परीक्षा मी नेहमी करतो. सौदा नुकताच भरला असेल तर निफ्टीच्या चालू पातळीला आजची रेषा शून्याच्या अगदी जवळून जायला हवी. आत्ता घेतलं, आत्ता विकलं, तर नफा कुठून येणार? ती तिथेच दोन-पाच हजार रुपये नफा दाखवत असेल, तर एखाद्या स्ट्राइकचा भाव शिळा आहे असं समजा. फारसे सौदे न होणाऱ्या स्ट्राइकमध्ये शेवटचा सौदा तासाभरापूर्वीचा असतो आणि ॲप तोच धरून आयव्ही काढतं. खरेदी आणि विक्रीचे चालू भाव बघितले की खोटा नफा नाहीसा होतो.

दुसरी खूण रेषेच्या चढाची. आजच्या रेषेचा चढ म्हणजे डेल्टा. मित्राच्या सौद्यात 25,000 ला तो 0.18 होता, म्हणजे निफ्टी 100 पॉइंट चढला तर हातात सुमारे 18 पॉइंट, 75 नगांना साधारण 1,400 रुपये. एक्स्पायरीच्या रेषेचा चढ त्याच पट्ट्यात 100 ला 100 आहे. दोन्ही रेषांचा चढ शेजारी ठेवून पाहिला असता, तर दुसऱ्या दिवशी त्याला धक्का बसला नसता.

आणि तुमची एक्स्पायरीची रेषाच वळणदार दिसत असेल, तर सौद्यातला एखादा ऑप्शन पुढच्या एक्स्पायरीचा आहे. कॅलेंडर स्प्रेडमध्ये असं होतं. तिथे जवळच्या एक्स्पायरीच्या दिवशीही दूरचा ऑप्शन जिवंत असतो, त्याची किंमत सूत्रानेच काढावी लागते, आणि म्हणून ती रेषासुद्धा अंदाजच असते.

बहुतेक ॲपमध्ये आलेखाखाली तारखेची सरकपट्टी असते. पुढचा सौदा करण्याआधी तुम्ही खरोखर ज्या दिवशी बाहेर पडणार आहात त्या तारखेवर ती नेऊन ठेवा, आयव्ही दोन-तीन टक्क्यांनी खाली ओढून बघा, आणि त्या रेषेवर दिसणारा आकडा कागदावर लिहून ठेवा.