टर्म शीटवर सही केली, पण बांधलं कोण गेलं?

‘टर्म शीट साइन झाली!’ अशी पोस्ट टाकून, पेढे वाटून एखादा फाउंडर मोकळा होतो. पण त्या दिवशी कंपनीच्या खात्यात एक रुपयाही आलेला नसतो. गुंतवणूकदाराने पैसे द्यायचं वचनही कायद्याच्या भाषेत दिलेलं नसतं. फाउंडरने मात्र काही गोष्टींना पक्कं बांधून घेतलेलं असतं.

टर्म शीट म्हणजे सौद्याचा आराखडा. कंपनीची किंमत किती, पैसे किती येणार, बदल्यात किती हिस्सा जाणार, संचालक मंडळावर कोण बसणार, हे सगळं त्यात असतं. आणि नेमका हाच भाग बहुतेक वेळा बंधनकारक नसतो. तसं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. खरे करार नंतर होतात, गुंतवणूकदाराचे वकील आणि सीए कंपनीची कागदपत्रं, हिशेब तपासून झाल्यावर. या तपासणीला ड्यू डिलिजन्स म्हणतात.

मग बंधनकारक काय? सहसा शेवटच्या पानावर, लोक वाचायचा कंटाळा करतात तिथे असलेली कलमं: गोपनीयता, वकिलांचा खर्च कोण देणार, वाद कुठे सोडवायचा आणि सगळ्यात जड म्हणजे एक्सक्लुझिव्हिटी, ज्याला ‘नो-शॉप’ असंही म्हणतात. ठरलेल्या मुदतीत फाउंडरने दुसऱ्या कुठल्याही गुंतवणूकदाराशी बोलायचं नाही, असा त्याचा अर्थ. साखरपुडा झाल्यावर दुसरीकडे स्थळं बघायची नाहीत, तसंच. फरक इतकाच की इथे हे बंधन बहुतेकदा एकाच बाजूवर असतं. गुंतवणूकदार त्याच काळात इतर कंपन्या बघू शकतो.

याची किंमत आकड्यांत बघू. समजा, पुण्यातल्या एका कंपनीच्या खात्यात 40 लाख रुपये आहेत आणि दर महिन्याला उत्पन्न वजा जाता 12 लाख खर्च होतात. टर्म शीटमध्ये कंपनीची गुंतवणुकीपूर्वीची किंमत 32 कोटी ठरली आहे. 8 कोटी येणार, म्हणजे एकूण 40 कोटींत गुंतवणूकदाराचा हिस्सा 20 टक्के. नो-शॉपची मुदत 60 दिवस.

फाउंडर इमानदारीत बाकीच्यांना ‘आता नको’ असं कळवतो. 55 व्या दिवशी गुंतवणूकदाराचा फोन येतो: ‘तपासणीत काही गोष्टी आढळल्या, 32 ऐवजी 24 कोटी धरू.’ आता त्याच 8 कोटींना 25 टक्के हिस्सा जाणार. किंमतीचं कलम बंधनकारक नसल्याने यावर दावा ठोकता येत नाही. नाही म्हणावं, तर खात्यात साधारण 18 लाख उरलेत, दीड महिन्याचे. नवा गुंतवणूकदार शोधून पैसे खात्यात यायला एवढा वेळ पुरत नाही. बहुतेक जण सही करतात.

म्हणून किंमतीवर घासाघीस करणाऱ्या फाउंडरने तेवढाच वेळ या कलमावरही घालवायला हवा. मुदत 30 ते 45 दिवसांची आणि ठरलेल्या तारखेला आपोआप संपणारी असावी. ‘दोन्ही बाजूंच्या चर्चा सुरू असेपर्यंत’ अशी भाषा असेल, तर शेवट कधी हे कुणालाच सांगता येणार नाही. गुंतवणूकदाराने किंमत किंवा मुख्य अटी खाली आणल्या, तर नो-शॉप तिथेच संपेल, हे एक वाक्य घालून घेतलं असतं तर वरच्या फाउंडरच्या हातात निदान फोन उचलायची मोकळीक तरी राहिली असती. खर्चाचंही तसंच. सौदा फिसकटला तरी गुंतवणूकदाराच्या वकिलांचं बिल कंपनीने भरायचं, असं कलम असेल तर त्याला कमाल रकमेची मर्यादा हवी आणि गुंतवणूकदार स्वतः मागे फिरला तर ते लागू होऊ नये.

‘बंधनकारक नाही’ असं लिहिलं की विषय संपला, असंही नाही. ओयो आणि झोस्टेलचा वाद याचं उदाहरण आहे. तो निधीचा नव्हे, कंपनी विकत घेण्याचा सौदा होता, पण मुद्दा हाच. 2015 च्या टर्म शीटमध्ये काही कलमं सोडता बाकी बंधनकारक नाही, असं म्हटलं होतं. झोस्टेलचं म्हणणं होतं की आम्ही आमच्या बाजूने व्यवसाय सोपवला, हिस्सा मात्र मिळाला नाही. 2021 मध्ये लवादाने दोन्ही बाजूंचं वागणं बघून ती टर्म शीट बंधनकारक ठरवली. 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो निवाडा रद्द केला. सहीपासून या निकालापर्यंत जवळपास दहा वर्षं गेली. करार होण्याआधीच ग्राहकांची माहिती, माणसं किंवा कामकाज समोरच्याच्या हाती देणं किती महागात पडू शकतं, ते यात दिसतं.