निम्मं डिपॉझिट रोख दिलंय, पावती कशी मागायची?

पुण्यात वाकड-बाणेरकडे भाड्याचं घर ठरवताना हे वाक्य हमखास कानावर पडतं : ‘डिपॉझिट निम्मं ऑनलाइन करा, निम्मं कॅश द्या.’ सांगणारा बहुधा एजंट असतो आणि तो हे इतक्या सहज सांगतो की समोरच्याला वाटतं, पद्धतच असेल. अॅग्रीमेंटचा मसुदा येतो तेव्हा त्यात फक्त ऑनलाइन दिलेली रक्कम असते. रोख दिलेले पैसे कुठेच लिहिलेले नसतात.

एक हिशेब मांडून पाहू. घराचं भाडं महिना २२,००० रुपये, डिपॉझिट १,००,००० आणि करार ११ महिन्यांचा. भाडेकरू मुलगी हिंजवडीत नोकरी करते, मालक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. तिने डिपॉझिटचे ५०,००० बँकेतून पाठवले आणि ५०,००० रोख दिले. पहिल्या महिन्याच्या आगाऊ भाड्यापैकी १२,००० यूपीआयने गेले आणि १०,००० रोख. म्हणजे ६०,००० रुपये असे गेले की त्यांची खूण फक्त देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या आठवणीत आहे. अॅग्रीमेंटमध्ये डिपॉझिट ५०,००० एवढंच लिहिलं आहे.

‘कागदावर कमी दाखवलं की स्टॅम्प ड्युटी वाचते,’ असं कारण तिला सांगितलं गेलं. किती वाचते ते पाहू. महाराष्ट्रात घराच्या लिव्ह अँड लायसन्सवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. ते एकूण भाड्यावर आणि परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेल्या व्याजावर मोजतात, डिपॉझिटच्या पूर्ण रकमेवर नाही. लपवलेल्या ५०,००० वर ११ महिन्यांचं असं व्याज होतं सुमारे ४,५८३ रुपये, आणि त्याचे ०.२५ टक्के म्हणजे साडेअकरा रुपयांच्या आसपास. शिवाय परत करायचं डिपॉझिट हे मालकाचं उत्पन्न नसतं, त्यामुळे ते दाखवल्याने त्याचा आयकरही वाढत नाही. भाडं रोख घेण्यामागे उत्पन्न लपवण्याचा हेतू असू शकतो. डिपॉझिट लपवून मालकाच्या हाती बारा रुपयेही लागत नाहीत. पावती मागताना हा हिशेब शांतपणे समोर ठेवावा. बरेच मालक केवळ सवयीने नाही म्हणत असतात आणि आकडा पाहिला की तयार होतात.

भाडेकरूचं नुकसान मात्र खरं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मालक घर रिकामं करून घेण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, तेव्हा लेखी करारात जे लिहिलं आहे ते त्या बाबींचा निर्णायक पुरावा मानलं जातं. तिथे ‘प्रत्यक्षात एक लाख दिले होते’ हे तोंडी सांगून भागत नाही. याच कायद्याच्या कलम २६ मध्ये घेतलेल्या रकमेची लेखी पावती देणं हे घरमालकाचं कर्तव्य सांगितलं आहे आणि न देणाऱ्याला दंडही आहे. पण लिव्ह अँड लायसन्सवाल्याने त्या कलमावर विसंबून भांडायला जाण्यापेक्षा आपला कागद आधीच पक्का करावा, असं माझं मत आहे. डिपॉझिट बुडालं तर पोलीस बहुतेक वेळा ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवतात, आणि कोर्टाची वाट ५०,००० रुपयांसाठी फार लांबची असते.

सगळ्यात चांगलं म्हणजे पूर्ण डिपॉझिट अॅग्रीमेंटमध्येच लिहून घ्यावं, रोख भाग रोख म्हणून. नोंदणीसाठी अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो, त्याच्या आदल्या दिवशी मसुदा मागवून डिपॉझिटचं कलम वाचावं. एकदा अंगठे झाले की बदल करायला कुणी उत्साही नसतं. करार आधीच नोंदवलेला असेल, तर त्याच्या दस्त क्रमांकाचा उल्लेख करून वेगळी पावती घ्यावी.

त्या पावतीचा मजकूर साधारण असा असावा :

‘मी, अमुक फ्लॅटचा मालक, लिहून देतो की भाडेकरू अमुक यांच्याकडून मला परत करावयाची बिनव्याजी अनामत रक्कम एकूण १,००,००० रुपये (अक्षरी एक लाख फक्त) मिळाली. पैकी ५०,००० बँकेद्वारे व ५०,००० रोख, दि. २८ मे रोजी. नोंदणीकृत करारात ५०,००० रुपये लिहिले असले तरी एकूण अनामत १,००,००० आहे. याखेरीज १ जून ते ३० जून या महिन्याचे आगाऊ भाडे २२,००० रुपये मिळाले : १२,००० यूपीआयने व १०,००० रोख. हे भाडे अनामत रकमेत धरलेले नाही.’

शेवटचं वाक्य जास्तीचं वाटेल, पण घर सोडताना सर्वाधिक वाद त्यावरूनच होतात. ‘अॅडव्हान्स’ हा शब्द कुणी डिपॉझिटसाठी वापरतं, कुणी पहिल्या भाड्यासाठी. अकरा महिन्यांनी मालक म्हणतो, जूनचं भाडं अर्धंच आलं होतं, बाकीचं डिपॉझिटमधून वळतं केलं. त्या महिन्याच्या तारखा पावतीत लिहिलेल्या असतील तर हे म्हणायला जागाच उरत नाही. एजंटची दलाली या कागदात मिसळू नये; तिची पावती त्याच्याकडून वेगळी घ्यावी.

पावती पाच हजारांहून अधिक रकमेची असल्याने तिच्यावर १ रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लावून त्यावरून सही घ्यावी. सही कोणाची, हेही महत्त्वाचं. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघांची घ्यावी. पैसे मालकाच्या मुलाने किंवा एजंटने घेतले असतील, तर ‘मालकाच्या वतीने स्वीकारले’ असं त्याच्या सहीने लिहून घ्यावं आणि मालकाकडून त्याला दुजोरा मिळवावा. नुसती एजंटची चिठ्ठी मालक उद्या नाकारू शकतो. रोख रक्कम मोठी असेल तर आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी : एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो.

पैसे आधीच देऊन झाले असतील आणि मालक कागदाचं नाव काढू देत नसेल, तर त्याच दिवशी संदेश पाठवावा. आमच्या उदाहरणातली मुलगी असं लिहू शकते : ‘नमस्कार काका. आज तुमच्या घरी डिपॉझिटचे ५०,००० आणि जूनच्या भाड्याचे १०,००० रोख दिले. बँकेतून पाठवलेले धरून डिपॉझिट एकूण १,००,००० झालं आणि जूनचं भाडं पूर्ण झालं. रक्कम बरोबर आहे ना, तेवढं कळवाल का? माझ्या वडिलांना हिशेब द्यायचा आहे.’ काकांनी ‘हो, मिळाले’ एवढं लिहिलं तरी तो पुरावा आहे. निळ्या खुणा दिसल्या आणि उत्तर आलं नाही, तर ती कबुली होत नाही. दोन दिवसांनी पुन्हा विचारावं, शक्यतो ई-मेलनेही. असा संदेश कोर्टात द्यायचा तर नुसती प्रिंट पुरत नाही, ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. म्हणून मूळ संभाषण पुसू नये आणि फोन बदलला तर जुना सांभाळून ठेवावा. त्या दिवशी एटीएममधून काढलेल्या पैशांची पासबुकातली नोंद जोडीला असली की बळ येतं, पण ती एकटी ‘पैसे मालकाला दिले’ हे सिद्ध करत नाही.

काही मालकांना खरी भीती वेगळीच असते : डिपॉझिट परत केल्यावरही ही पावती दाखवून कुणी पुन्हा मागितलं तर? ती भीती रास्त आहे. म्हणून पावती मागतानाच एक ओळ आपणहून घालायला सांगावी, की घर सोडताना डिपॉझिट मिळाल्याची पोच भाडेकरू लिहून देईल आणि त्यानंतर ही पावती रद्द समजावी.